जनरेशन ३६४, एक्स्पोर्ट २३८: सोलरच्या बिलातली जमा तपासायची कशी?

प्रश्न: "घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटर लागल्यानंतरचं हे चौथं बिल. महिन्यात जनरेशन ३६४ युनिट झालं, पण बिलात एक्स्पोर्ट २३८च धरलाय. बाकीचे १२६ युनिट गेले कुठे? इम्पोर्ट २६२ आणि बिल २४ युनिटांचं. मागच्या बिलात ४१ युनिट जमा होते, ते यात दिसतच नाहीत. बिल बरोबर आहे का?"

१२६ युनिटांची काळजी सोडा, ते हरवलेले नाहीत. ४१ युनिटांची मात्र जरूर करा. पहिली शंका मीटर कुठे बसलेत हे पाहिलं की मिटते. दुसरी मिटवायला हे बिल कुठल्या महिन्याचं आहे ते कळायला हवं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी सोलरची कामं करतो आणि गिऱ्हाइकांची बिलं तपासून देणं हा त्या कामाचाच भाग झालाय. त्यात असं दिसतं की लोक जनरेशनवर भांडत बसतात आणि खरी चूक शिल्लक युनिटांच्या रकान्यात निसटून जाते.

आधी मीटर पाहू. जनरेशन मीटर इन्व्हर्टर आणि घराचा बोर्ड यांच्या मधे असतो. पॅनेलमधून आलेली सगळी वीज त्यातून जाते आणि तो ती मोजतो. नेट मीटर घराच्या वेशीवर, म्हणजे कंपनीची सर्व्हिस वायर आत येते तिथे असतो. सोलरची वीज त्याच्या आतल्या बाजूला, तुमच्या बोर्डावर येऊन मिळते. दुपारी इन्व्हर्टर २ किलोवॅट देत असेल आणि त्याच वेळी घरात फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन मिळून ८०० वॅट चालू असतील, तर ते ८०० वॅट बोर्डावरच खपतात. वेशीबाहेर जातात फक्त १२०० वॅट, आणि नेट मीटरला तेवढेच दिसतात. आतल्या आत काय खपलं हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. म्हणून एक्स्पोर्ट नेहमी जनरेशनपेक्षा कमी असतो, आणि दोघांतला फरक म्हणजे तुम्ही दिवसा थेट वापरलेली सोलरची वीज. तुमचे १२६ युनिट हेच.

या १२६ युनिटांचा फायदा तुम्हाला पूर्ण मिळालेला आहे, कारण तेवढे युनिट तुम्ही विकत घेतले नाहीत. तो बिलात कुठे लिहून येत नाही, एवढंच. जनरेशनचा आकडा बिलावर छापलेला असला तरी बिलाच्या हिशोबात तो धरत नाहीत. हिशोब इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि आधीची शिल्लक या तिघांवर चालतो. जनरेशनचा उपयोग तुम्हाला आहे, पडताळणीसाठी.

ती पडताळणी अशी. महिन्याला ३६४ म्हणजे दिवसाला साधारण पावणेबारा युनिट. ३ किलोवॅटला आपल्याकडे स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास मिळतात, तेव्हा हा आकडा पटण्यासारखा आहे. पावसाळ्यात तो बराच खाली येईल. स्ववापर १२६ म्हणजे दिवसाला चार युनिट. फ्रिज, पाण्याची मोटर, पंखे, टीव्ही आणि मधूनमधून मिक्सर-इस्त्री यांत दिवसाउजेडी एवढी वीज आरामात जाते. आता घराचा एकूण वापर काढा: वेशीवरून आत आलेले २६२ अधिक सोलरचे थेट वापरलेले १२६, मिळून ३८८ युनिट.

या ३८८ ची तुलना मागच्या वर्षीच्या, सोलर बसवण्याआधीच्या, त्याच महिन्याच्या बिलाशी करा. तेव्हा साडेतीनशे-चारशेच्या घरात वापर असेल तर मीटरचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात आणि मीटरवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. तेव्हा अडीचशेच होता आणि मधे घरात नवा एसी वगैरे काही आला नाही, तर मात्र तीनपैकी एखादं रीडिंग चुकलेलं आहे असं समजून पुढे शोधायचं. बिल हातात आलं की मी पहिल्यांदा हीच बेरीज करतो, कारण दोन मिनिटांत कळतं की चूक मीटरकडे शोधायची की कार्यालयाकडे.

यात एक अट आहे. तिन्ही आकडे एकाच कालावधीचे हवेत. बिलावर मागील रीडिंगची आणि चालू रीडिंगची तारीख असते. समजा ती १२ ते १२ आहे आणि तुम्ही ३६४ हा आकडा इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधून १ तारीख ते महिनाअखेर असा उचलला, तर तुलना फसली. दिवसाला बारा युनिट बनतात, म्हणजे तीन दिवस इकडेतिकडे झाले तरी ३५ युनिटांचा फरक पडतो. शिवाय अ‍ॅपचा आकडा आणि जनरेशन मीटरचा आकडा तंतोतंत जुळत नाहीत. इन्व्हर्टरची मोजणी मीटरइतकी काटेकोर नसते आणि मधल्या वायरमध्येही थोडी वीज जाते. दोन-तीन टक्के फरक मी सोडून देतो. दहा टक्के दिसला तर तारखा तपासतो, आणि तारखा बरोबर निघाल्या तर जनरेशन मीटरची जोडणी पाहतो.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येऊ. इम्पोर्ट २६२ वजा एक्स्पोर्ट २३८, उरले २४. इथपर्यंत बिल बरोबर आहे. पण मागच्या बिलाअखेर ४१ युनिट जमा असतील तर ते या २४ मधून वळते व्हायला हवे होते. मग बिल शून्य युनिटांचं येतं आणि १७ युनिट पुढे जातात. तुम्हाला २४ युनिटांचं बिल आलं याचा सरळ अर्थ असा की या बिलापुरती आधीची शिल्लक शून्य धरली गेली.

ती शून्य का धरली, हे महिन्यावर ठरतं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप विनियमांनुसार जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण आर्थिक वर्षापुरतेच. ३१ मार्चला जे शिल्लक राहतात ते कंपनीने आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले असं धरतात, त्याची रक्कम ग्राहकाला मिळते आणि नव्या वर्षाची शिल्लक शून्यापासून सुरू होते. तेव्हा तुमचं हे बिल नव्या आर्थिक वर्षाचं पहिलं बिल असेल, तर ४१ युनिट नाहीसे होणं नियमाला धरून आहे. फक्त त्यांचे पैसे कुठेतरी जमा दिसले पाहिजेत. मार्च, एप्रिल आणि मे अशी तिन्ही बिलं समोर ठेवा आणि वजा चिन्हाची एखादी वेगळी रक्कम आहे का ते पाहा. ती घरगुती दरापेक्षा बरीच कमी असेल. खरेदीचा दर तुम्ही एका युनिटला जे मोजता त्याहून कमी असतो, त्यामुळे थोडकी रक्कम पाहून चूक आहे असं धरू नका. रक्कम अजिबातच नसेल तर ती मागून घ्या.

बिल वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही महिन्याचं असेल, तर मात्र ४१ युनिट जायला काहीच आधार नाही. ती नोंदीतली चूक आहे आणि दुरुस्त करून घ्यायची आहे. तुमचं नुकसान २४ युनिटांचं नाही, पूर्ण ४१ चं आहे. २४ चे पैसे घेतले गेले आणि पुढच्या महिन्यात उपयोगी पडणारे १७ही गेले.

इथे एक सोपा ताळा सांगतो. तो बिलाच्या हिशोबावर नाही, थेट मीटरच्या रीडिंगवर चालतो, म्हणून कार्यालयात दाखवायला फार उपयोगी पडतो. नवीन नेट मीटर लागला तेव्हा इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही शून्यावर होते असं समजा. तुमची रीडिंग तुम्ही दिलेली नाहीत, म्हणून मी तुमच्याच युनिटांना जुळतील अशी घेतो. मागचं इम्पोर्ट रीडिंग ६६१, चालू ९२३, फरक २६२. मागचं एक्स्पोर्ट ७०२, चालू ९४०, फरक २३८. आता उभ्याऐवजी आडवं पाहा. मागच्या बिलाच्या दिवशी एक्स्पोर्ट ७०२ आणि इम्पोर्ट ६६१, फरक ४१. हीच तुमची तेव्हाची शिल्लक. या बिलाच्या दिवशी ९४० आणि ९२३, फरक १७. हीच आजची खरी शिल्लक असायला हवी. म्हणजे मीटर स्वतःच सांगतोय की पहिल्या दिवसापासून तुम्ही घेतल्यापेक्षा १७ युनिट जास्त दिलेत. तरीही तुमच्याकडून २४ युनिटांचे पैसे घेतले गेले असतील, तर ते बिल चूक, आणि ते पटवायला दुसरा पुरावा लागत नाही.

हा ताळा चालायला तीन गोष्टी हव्यात: मीटर दोन्ही बाजूंनी शून्यावरून सुरू झालेला असावा, मधे ३१ मार्च आलेला नसावा, आणि मधल्या कुठल्याही महिन्यात तुम्ही नक्त युनिटांचे पैसे भरलेले नसावेत. भरले असतील तर तेवढे युनिट एक्स्पोर्टच्या बाजूला मिळवून घ्या, म्हणजे पुन्हा जुळेल. मीटर शून्यावरून सुरू झाला नसेल (चाचणीच्या वेळी एक-दोन युनिट चढलेले असतात) तर बसवल्या दिवसाच्या मीटर बदली अहवालातले आकडे वजा करा. तो अहवाल जपून ठेवा. त्यावर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्या मीटरचा क्रमांक आणि दोन्ही सुरुवातीची रीडिंग असतात. पुढे वाद झाला तर सगळं तिथूनच मोजलं जातं.

मीटरवरून रीडिंग घेताना काय पाहायचं, ते नीट सांगतो, कारण इथेच घोटाळा होतो. मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो किंवा बटण दाबलं की पुढे सरकतो. त्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी अशा बऱ्याच गोष्टी येऊन जातात. तुम्हाला हवेत दोनच आकडे, आणि दोन्हींच्या शेजारी `kWh` हे एकक असायला हवं. बऱ्याच मीटरवर त्यांच्या बाजूला `IMP` आणि `EXP` किंवा `I` आणि `E` असं काहीतरी येतं. काहींवर नुसता कोड येतो: `1.8.0` म्हणजे इम्पोर्ट, `2.8.0` म्हणजे एक्स्पोर्ट. त्यांच्या आगेमागे `kVAh` चे आकडेही येतात. ते दिसायला अगदी तसेच, थोडे मोठे. घाईत तेच टिपले जातात. मोठ्या ग्राहकांचं बिल `kVAh` वर होतं, घरगुती बिल `kWh` वर. दुसरा चकवा म्हणजे मीटर मागच्या महिन्यांची साठवलेली रीडिंगही दाखवतो. आजचा आकडा हवा असेल तर सर्वांत मोठा, म्हणजे चालू, आकडा कुठला ते ओळखा. माझं गिऱ्हाइकांना सांगणं असं की रीडिंग लिहून घेण्यापेक्षा मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढा, सुरुवातीला मीटरचा क्रमांक आणि तारीख दिसू द्या, आणि पूर्ण चक्र होईपर्यंत थांबा. जनरेशन मीटरचंही तसंच, त्याच दिवशी, त्याच वेळी. रीडिंगच्या तारखेच्या आसपास दर महिन्याला हे केलंत तर पुढे कुठलाही वाद पाच मिनिटांत सुटतो.

रीडिंग मिळाल्यावर बिलाच्या रकान्यांशी जुळवा. चालू वजा मागील, गुणिले गुणक अवयव. साध्या घरगुती मीटरला गुणक अवयव १ असतो. दुसरा कुठला आकडा दिसला तर तो का, हे विचारा. या बिलातलं मागील रीडिंग हे गेल्या बिलातलं चालू रीडिंगच असायला हवं, इम्पोर्टचं आणि एक्स्पोर्टचंही. आणि याच धर्तीवर, या बिलातली सुरुवातीची शिल्लक ही गेल्या बिलातली अखेरची शिल्लक असायला हवी. तुमच्या बिलात ही साखळी शिल्लकेच्या रकान्यात तुटलेली आहे.

ही साखळी बहुतेक वेळा कुठे तुटते तेही सांगतो. एक म्हणजे रीडिंग न मिळालेला महिना. रीडर आला, घर बंद होतं, आणि सरासरीवर बिल निघालं. सरासरीच्या बिलात एक्स्पोर्ट शून्य धरला जाण्याची शक्यता असते. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आल्यावर युनिट आपोआप भरून निघायला हवेत, कारण मीटरचा आकडा चालूच राहिलेला असतो. पण जमा शिल्लक पुढे ओढली गेली की नाही, हे मुद्दाम तपासावं लागतं. तुमच्या आधीच्या तीन बिलांपैकी एखाद्यावर मीटरची स्थिती नॉर्मल सोडून दुसरी काही लिहिलेली असेल, तर मूळ तिथेच असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरी जागा मीटर बदलीचा महिना. एका गिऱ्हाइकाचं नेट मीटर पडद्याच्या बिघाडामुळे बदललं गेलं. त्या महिन्यात जुन्या मीटरचं इम्पोर्टचं शेवटचं रीडिंग नोंदीत चढलं, एक्स्पोर्टचं चढलंच नाही. जुन्या मीटरवर मागच्या बिलानंतर १५० च्या आसपास एक्स्पोर्ट युनिट झाले होते, ते सरळ गळाले. बिलावर सगळं व्यवस्थित दिसत होतं, कारण नव्या मीटरचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. जनरेशनमधून एक्स्पोर्ट वजा केला तेव्हा स्ववापर एकदम दुप्पट आला, आणि घर तर दिवसभर बंद असायचं. तेवढ्यावरून संशय आला आणि बदली अहवाल काढल्यावर उलगडा झाला. जनरेशनचा आकडा बिलात मोजत नसले तरी तो टिपून ठेवायचा तो यासाठी.

तिसरी जागा सुरुवातीचे दिवस. नेट मीटर यायच्या आधीच कुणी सोलर चालू केलं, तर जुना मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजू शकतो. बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी पकडली जावी म्हणून वीज कुठल्याही दिशेने गेली तरी आकडा पुढेच नेतात. अशा वेळी दिवसभर १० युनिट बाहेर गेले तर मीटरवर ते १० युनिट घेतल्यासारखे चढतात. तुमचं चौथं बिल आहे, त्यामुळे आत्ताच्या आकड्यांवर याचा परिणाम नाही, पण पहिल्या बिलात जुन्या मीटरचे युनिट अवाच्या सवा आले असतील तर कारण हे असू शकतं. असे युनिट परत मिळवणं कठीण, कारण परवानगीआधी सोलर चालू करणंच नियमात बसत नाही.

आता समजा ३८८ हा आकडा तुमच्या जुन्या बिलाशी जुळलाच नाही, तर मीटरची जोडणी तपासायची. यासाठी सील किंवा मीटरच्या वायरींना हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं आहे. सोपी तपासणी रात्रीची. सूर्यास्तानंतर एकदा आणि सूर्योदयाआधी एकदा दोन्ही मीटर पाहा. जनरेशन जिथल्या तिथे, एक्स्पोर्ट जिथल्या तिथे, फक्त इम्पोर्ट वाढलेला असायला हवा. घरात ग्रिडला जोडलेली बॅटरी नसताना रात्री एक्स्पोर्ट एका युनिटाने जरी हलला तरी जोडणी उलटी आहे असं समजा. थ्री फेज असेल तर एखाद्याच फेजची उलटी असू शकते आणि तेव्हा दोन्ही आकडे अर्धवट वाढताना दिसतात.

दुसरी तपासणी भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना. घरातल्या खोल्यांकडे, मोटरकडे, एसीकडे जाणाऱ्या एमसीबी खाली करा. मेन स्विच बंद करू नका. सोलर बोर्डावर मेनच्या आतल्या बाजूला जोडलेलं असतं आणि समोर ग्रिडची वीज दिसली नाही की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी लगेच बंद पडतो, मग तपासायला काही उरत नाही. सोलरची एमसीबी चालू राहू द्या. दोन्ही मीटरचे आकडे टिपा आणि तासभर थांबा. या वेळात जनरेशन २ युनिट वाढलं तर एक्स्पोर्टही जवळपास २ युनिटच वाढायला हवा आणि इम्पोर्ट हलता कामा नये. जनरेशन २ आणि एक्स्पोर्ट १ असं दिसलं तर आधी एखादं सर्किट चालू राहिलंय का ते पाहा. ते नसेल तर नेट मीटर तपासणीचा अर्ज करायला सबळ कारण झालं.

थ्री फेज कनेक्शनवर सिंगल फेज इन्व्हर्टर असणाऱ्यांना एक शंका नेहमी येते: एका फेजवरून वीज बाहेर जातेय आणि दुसऱ्या दोन फेजवरून त्याच क्षणी आत येतेय, मग मीटर काय धरतो? साधारणपणे मीटर तिन्ही फेजची बेरीज-वजाबाकी करून निघालेली एकच दिशा धरतो. आणि एखाद्याने फेजवार वेगळं मोजलं तरी इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही सारखेच फुगतात, त्यांचा फरक तोच राहतो. नेट मीटरिंगच्या बिलात फरकच महत्त्वाचा असल्यामुळे तुमचं नुकसान होत नाही.

तुमच्याकडे नवा टीओडी मीटर असेल तर इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट तासांच्या पट्ट्यांनुसार फोडून दिलेले दिसतील. तेव्हा पट्ट्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का ते आधी पाहा. कुठल्या पट्टीतली जमा कुठल्या पट्टीत वळती होते, हे त्या त्या वेळी लागू असलेल्या दर आदेशावर ठरतं, म्हणून तुमच्या ग्राहक वर्गाचा नियम पाहूनच तेवढा भाग तपासा.

रुपयांकडे वळताना एवढंच लक्षात ठेवा की नक्त युनिट शून्य आले तरी बिल शून्य येत नाही. स्थिर आकार दर महिन्याला लागतोच. वीज आकार आणि वहन आकार मात्र नक्त युनिटांवरच लागायला हवेत, आणि स्लॅबही नक्त युनिटांवरूनच ठरायला हवा. तुमचे २४ युनिट धरले तर ते ० ते १०० च्या स्लॅबमध्ये येतात. इम्पोर्टचे पूर्ण २६२ धरून काही युनिटांना १०१ ते ३०० चा दर लावलेला दिसला, तर ती आणखी एक वेगळी चूक.

दुरुस्तीसाठी काय करायचं ते सांगतो. आधी उपविभाग कार्यालयातून तुमचा सीपीएल मागून घ्या. ग्राहक क्रमांक दिला की महिनावार रीडिंग, युनिट आणि शिल्लक असा पूर्ण उतारा मिळतो. ४१ युनिट कुठल्या महिन्यात गळाले ते त्यावर बोट ठेवून दाखवता येतं. मग लेखी अर्ज द्या. अर्जात मोठी कहाणी नको. मागच्या बिलाची अखेरची शिल्लक ४१, या बिलाची सुरुवातीची शिल्लक ०, मधे आर्थिक वर्ष संपलेलं नाही, म्हणून २४ युनिटांचं बिल रद्द करून १७ युनिट पुढे जमा करावेत, एवढ्या चार ओळी पुरतात. सोबत दोन्ही बिलांच्या प्रती, सीपीएल आणि मीटरच्या पडद्याचे फोटो जोडा. जनरेशनच्या ३६४ चा उल्लेख या अर्जात करूच नका. तो आला की समोरचा माणूस "एक्स्पोर्ट कमीच असतो हो" असं समजावून तुम्हाला परत पाठवतो आणि मुद्दा बाजूला राहतो. अर्जावर पोच घ्या, किंवा १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अर्जावर लिहा.

कार्यालयाला चूक मान्य झाली की बिल दुरुस्तीचा प्रस्ताव, तिथल्या बोलीत बी-८०, तयार होतो. मंजुरीला एखादं बिल मधे जाऊ शकतं. तोपर्यंत चालू बिल भरून टाका, अर्जात "निषेध नोंदवून भरत आहे" असं लिहा. रक्कम तुमच्या बाबतीत किरकोळ आहे आणि थकबाकी चढवून घेण्यात काही हशील नाही. अर्जाला उत्तरच मिळालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि तिथलाही निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपालांकडे. मंचाकडे तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नका.

दुरुस्तीनंतरचं बिल आलं की दोन जागा पाहा. २४ युनिटांची रक्कम, त्यावरच्या वहन आकार आणि वीज शुल्कासकट, जमा झालेली असावी. आणि सुरुवातीच्या शिल्लकेत १७ युनिट दिसायला हवेत. बऱ्याचदा पैसे परत येतात आणि युनिट तसेच राहतात, कारण या दोन नोंदी वेगवेगळ्या कराव्या लागतात. शिल्लक दिसली नाही तर त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा अर्ज द्या, आणि ३१ मार्च जवळ आला असेल तर त्या तारखेआधी युनिट चढतील असं पाहा, नाहीतर ते घरगुती दराने वळते होण्याऐवजी खरेदीच्या कमी दराने निकाली निघतील. तुमचं बिल कुठल्या महिन्याचं आहे आणि आधीच्या तीन बिलांवर मीटरची स्थिती काय लिहिली आहे, एवढं इथे लिहिलंत तर चूक नेमकी कुठल्या बिलात शिरली ते सांगता येईल.